दाढ काढल्यानंतरचे सात दिवस आणि सूचनांचा कागद

दाढ काढून झाली की रुग्णाच्या तोंडात गॉजचा बोळा असतो, अर्धा ओठ बधिर असतो आणि नेमकं त्याच वेळी डॉक्टर सूचना देत असतात. बोळा दाबून धरा, थुंकू नका, गरम खाऊ नका, गोळ्या वेळेवर घ्या. रुग्णाला काही विचारायचं असलं तरी बोलता येत नाही, मग तो नुसती मान हलवतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी ४० ते ८० टक्के गोष्टी माणूस लगेचच विसरतो, असं डच संशोधक रॉय केसेल्स यांनी २००३ साली याविषयीच्या अभ्यासांचा आढावा घेताना नोंदवलं होतं. म्हणूनच दाढ काढल्यावर छापील सूचनांचा कागद हातात दिला जातो.

हे कागद एकमेकांसारखेच असतात. आठ-दहा ओळी, त्यातल्या निम्म्याहून अधिक ‘नका’ने संपणाऱ्या. त्यातलं बहुतेक सगळं बरोबर असतं. पण कोणती मनाई किती तासांची आणि ती कशासाठी, हे सहसा लिहिलेलं नसतं. शिवाय स्ट्रॉ, सिगारेट आणि दारू यांचा उल्लेख आठवणीने असतो. मशेरी, तंबाखू-चुना आणि जेवणानंतरची खळखळून चूळ मात्र अनेकदा राहून जाते. म्हणून या कागदातली कोणती ओळ पुराव्यावर उभी आहे, कोणती नुसत्या रिवाजावर आणि कोणती ओळ त्यात असायलाच हवी, हे एकदा नीट पाहायला हवं.

एका गुठळीची राखण

सगळ्या सूचनांच्या मुळाशी आहे ती रक्ताची गुठळी. दात निघाला की जबड्याच्या हाडात खळगा उरतो. तो रक्ताने भरतो आणि ते रक्त काही मिनिटांत गोठतं. गुडघा फुटल्यावर खपली धरते तसाच हा प्रकार, पण तोंडातली खपली कधी सुकत नाही. ती सतत लाळेत भिजलेली राहते आणि अन्न, पाणी व जीभ दिवसभर तिच्यावरून ये-जा करत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खळग्याच्या कडांकडून बारीक रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी गुठळीत शिरू लागतात. आठवडा संपेपर्यंत गुठळीची बरीचशी जागा या मऊ, लालसर, नव्या मांसाने घेतलेली असते. वरून हिरडी मिटायला साधारण तीन-चार आठवडे लागतात आणि आत हाड भरून यायला काही महिने. म्हणजे गुठळी खरोखर नाजूक असते ती पहिले तीन-चार दिवस, त्यातही पहिले चोवीस तास सगळ्यांत जास्त.

एवढं कळलं की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. जोराने थुंकल्याने, चूळ भरल्याने किंवा ओढून पिण्याने गुठळी हलू शकते. गरम चहाने आणि जड कामाने रक्तप्रवाह वाढून पुन्हा रक्त येऊ शकतं. बोट, काडी किंवा जीभ लावली तर गुठळी उखडू शकते. स्ट्रॉबद्दलचा थेट पुरावा तोकडाच आहे, पण ती टाळल्याने कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून ती ओळ कागदावर राहिली तरी हरकत नाही.

याच संदर्भातली एक गोष्ट मात्र कागदावर हवीच. तिसऱ्या दिवशी आरशात पाहिलं की खळग्यावर पांढरट-पिवळसर थर दिसतो. लोकांना तो पू वाटतो, आणि मग काडीने किंवा ओल्या बोळ्याने तो खरवडून काढण्याचा प्रयत्न होतो. तो थर म्हणजे गुठळीतल्या तंतूंचा आणि नव्या पेशींचा पडदा असतो. त्याला वास नसेल आणि दुखणं कमी होत असेल, तर तो जखम भरत असल्याचीच खूण आहे.

पहिला दिवस

गॉजचा बोळा किमान अर्धा तास, घड्याळ लावून, एकसारखा दाबून धरायचा असतो. दर पाच मिनिटांनी काढून ‘अजून येतंय का’ हे पाहिलं तर धरलेली गुठळी बोळ्याबरोबर सुटून येते. त्यानंतर लाळ दिवसभर गुलाबी दिसू शकते, कारण रक्ताचे दोन-चार थेंबही तोंडभर लाळेला रंग देतात. ती गिळायची. रात्री उशीवर डाग पडू शकतो, म्हणून वर जुना टॉवेल घालावा आणि डोकं थोडं उंच ठेवून झोपावं.

भुलीच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अ‍ॅड्रेनलिन असतं आणि ते रक्तवाहिन्या आकसून धरतं. दवाखान्यातून निघताना जखम कोरडी दिसते त्याचं एक कारण हेच. काही तासांनी त्याचा अंमल उतरला की पुन्हा थोडं रक्त झिरपू शकतं. ही गोष्ट आधी माहीत नसली की संध्याकाळी घरात घबराट उडते. बधिरपणाही दोन ते चार तास, खालच्या जबड्यात कधी त्याहून जास्त राहतो. तोवर चहा प्यायला तर ओठ पोळल्याचं कळत नाही, आणि लहान मुलं बधिर ओठ चावून जखम करून घेतात.

खरा रक्तस्राव ओळखायचा कसा? तोंड पुन्हा पुन्हा लाल रक्ताने किंवा गाठींनी भरत असेल तर तो. अशा वेळी ताठ बसावं, स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या सुती रुमालाची जाड घडी ओली करून पिळावी, नेमकी खळग्यावर ठेवावी आणि अर्धा तास घट्ट चावून धरावी. मोकळा कापूस वापरू नये, त्याचे तंतू जखमेत अडकतात. एकदा करून थांबलं नाही तर आणखी एकदा करावं. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जावं, मग रात्र असली तरी. दात काढल्यानंतरचा रक्तस्राव थांबवण्याचा कोणता उपाय सर्वांत चांगला, याचा शोध कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने २०१६ साली घेतला, तेव्हा निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नव्हती. तरी दाबून धरणं हा उपाय सगळेच डॉक्टर आधी सांगतात, कारण तो साधा आहे आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

चूळ, मीठ आणि पाणी

आपल्याकडे खाऊन झालं की चूळ भरायची ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली असते. म्हणून पहिल्या दिवशीची ‘चूळ भरू नका’ ही सूचना पाळायला सगळ्यांत अवघड. नुसतं ‘नको’ म्हणून ती पाळली जात नाही, त्या जागी काय करायचं तेही सांगावं लागतं. पाण्याचा घोट घ्यावा, मान हळूच एका बाजूला कलती करावी आणि तोंड उघडून पाणी बेसिनमध्ये आपोआप पडू द्यावं. गाल हलवायचे नाहीत, थुंकायचं नाही. बाकीचे दात त्याच रात्री मऊ ब्रशने घासायला हरकत नाही, फक्त खळग्याच्या जवळ जायचं नाही.

चोवीस तास उलटल्यावर मात्र नियम पालटतो. आता खळग्यात अन्न साचू न देणं महत्त्वाचं ठरतं. एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी तोंडात हळुवार फिरवायचं. अनेक कागद हे दिवसातून चार ते सहा वेळा करायला सांगतात, आणि कामावर जाणाऱ्या माणसाला ते जमत नाही. नायजेरियात १२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांचे तीन गट केले होते: दिवसातून सहा वेळा मिठाचं पाणी, दोनदा मिठाचं पाणी आणि अजिबात नाही. पुढे ज्याचं वर्णन येणार आहे तो ‘ड्राय सॉकेट’चा त्रास तिसऱ्या गटात कितीतरी जास्त होता, सहा वेळा आणि दोनदा करणाऱ्यांत मात्र फरक दिसला नाही. चाचणी लहान होती, पण तिचा उपयोग सरळ आहे. सकाळ-संध्याकाळ जमलं तरी पुरे, हे कागदावर लिहिलं तर सूचना पाळली जाण्याची शक्यता वाढते.

क्लोरहेक्सिडिनच्या औषधी माउथवॉशमुळे ड्राय सॉकेटचं प्रमाण घटतं, हे कॉक्रेनच्या २०२२ सालच्या आढाव्यात दिसतं. त्याने चव बदलते, दातांवर डाग पडतात आणि क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते, म्हणून ते डॉक्टरांनी सांगितलं तरच वापरायचं.

मशेरीची ओळ

२०१६-१७ सालच्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात, तर विडी-सिगारेट ओढणारे ४ टक्क्यांच्या आसपास आहेत. ‘धूम्रपान करू नका’ एवढंच लिहिलेला कागद या राज्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकांना लागूच होत नाही. मशेरीचं तर आणखी वेगळं. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना आणि हिरड्यांना बोटाने चोळतात. खेड्यापाड्यांतल्या अनेक बायका तिला दात घासण्याचाच भाग मानतात. ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की त्या ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच असतं. दाढ दुखायला लागली की मशेरी जास्त वेळ धरून ठेवणाऱ्याही आहेत.

ओढण्याच्या तंबाखूबद्दल पुरावा भक्कम आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ओढणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांना ड्राय सॉकेट झाल्याचं दिसलं, न ओढणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांना. चघळण्याच्या आणि चोळण्याच्या तंबाखूवर एवढा अभ्यास झालेला नाही. पण निकोटिन इथेही आहेच, आणि ते रक्तवाहिन्या आकसवतं. त्यात चोळणाऱ्या बोटाचा दाब, खळग्यात शिरणारी पूड, चुन्याने भाजणारी हिरडी आणि पुन्हा पुन्हा मारलेल्या पिचकाऱ्या यांची भर पडते. म्हणून ओळ अशी हवी: मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी, विडी, सिगारेट यांतलं काहीही पहिले तीन दिवस अजिबात नाही, आणि शक्य तर आठवडाभर नाही.

तिसऱ्या रात्रीचा ठणका

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातली पन्नाशीची बाई सोमवारी सकाळी खालची, पोखरलेली दाढ काढून घेते. संध्याकाळी भूल उतरल्यावर दुखतं, गोळीने थांबतं. मंगळवारी दुखणं निम्म्यावर येतं. ती मऊ भात आणि ताक घेते, दुपारी शेतातही जाऊन येते. बुधवारी सकाळी फारसं दुखत नाही म्हणून नेहमीप्रमाणे मशेरी लावते आणि भरभरून चुळा भरते. गुरुवारी पहाटे ती ठणक्याने जागी होते. कळ जबड्यातून कानापर्यंत जाते आहे, तोंडाला घाण वास आहे, सोमवारी लागू पडलेली गोळी आता पुरत नाही. गालाला सूज नाही, ताप नाही. शेजारीण म्हणते, मूळ आतच राहिलं असेल. औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या येतात, आणि त्यांनी दुखणं कमी होत नाही.

डॉक्टरांनी पाहिलं तर खळगा रिकामा दिसतो. गुठळी नाही, तळाशी करडट हाड उघडं पडलेलं, त्यात अन्नाचे कण. उपकरणाचं टोक हाडाला लागलं की रुग्ण कळवळते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. हे नाव १८९६ साली जे. वाय. क्रॉफर्ड या अमेरिकन दंतवैद्याने वापरलं आणि तेच रूढ झालं. डेन्मार्कचे बर्न यांनी १९७३ साली त्याचं कारण मांडलं: दुखावलेल्या हाडातून आणि ऊतींतून असे पदार्थ सुटतात की त्यांनी गुठळी वेळेआधीच विरघळते. म्हणजे दोष दर वेळी रुग्णाचा नसतो. दाढ काढताना बराच जोर लागला असेल, दाढ खालची असेल किंवा बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर सगळ्या सूचना पाळूनही हे होऊ शकतं. साध्या दातांमध्ये शंभरातल्या एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या अक्कलदाढांमध्ये काही अभ्यासांत हे प्रमाण तिसाच्या घरात गेलेलं आहे.

उपचार छोटा आहे. खळगा कोमट सलाइनने धुतात आणि त्यात युजेनॉल असलेलं औषध भरतात. बऱ्याचदा तासाभरात ठणका उतरतो. एक-दोन दिवसांनी गरज असली तर औषध बदलतात आणि आठवड्या-दहा दिवसांत आतून नवं मांस धरतं. हा जंतुसंसर्ग नव्हे, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने तो बरा होत नाही. युजेनॉल हाच लवंगेच्या तेलातला मुख्य घटक आहे, पण म्हणून घरी तेलात बुडवलेला कापूस खळग्यात कोंबायचा नाही. निव्वळ तेल हिरडी भाजतं आणि कापसाचे तंतू आत राहतात.

या उदाहरणातून कागदावरची सगळ्यांत मोलाची ओळ निघते, आणि नेमकी तीच बऱ्याच कागदांवर नसते. दुखणं पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असावं आणि रोज थोडं कमी होत जावं. ते आधी कमी होऊन दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पुन्हा वाढलं, तर गोळ्या वाढवू नका, दाखवायला या. सूज दोन-तीन दिवस वाढली तरी चालतं, त्यानंतर ती उतरायला हवी. बाहेरून बर्फाचा शेक पहिल्याच दिवशी, दहा-पंधरा मिनिटं ठेवून तेवढाच वेळ थांबून द्यायचा असतो.

गोळ्या

दुखण्यावरच्या औषधांबाबत पुरावा बराच स्पष्ट आहे. खालची अक्कलदाढ काढल्यानंतर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र दिल्यास एकेकट्या गोळीपेक्षा आराम जास्त मिळतो, असा कॉक्रेनच्या २०१३ सालच्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. पहिली गोळी भूल पूर्ण उतरण्याआधी, काहीतरी खाऊन घेतली की दुखणं डोकं वर काढत नाही. पण कागदावर दोन अपवाद हवेत. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा गर्भारपण असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि पावसाळ्यात ताप येऊन डेंग्यूची शंका असेल तर ते अजिबात नाही, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाजारातल्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तेव्हा वरून वेगळी गोळी घेण्याआधी पाकीट वाचावं.

अँटिबायोटिकबद्दल अपेक्षा फार आणि गरज कमी, अशी स्थिती आहे. कॉक्रेनच्या २०२१ सालच्या आढाव्यानुसार दात काढताना सुमारे १९ निरोगी माणसांना अँटिबायोटिक दिलं तर एकाचा संसर्ग टळतो, आणि यातला बहुतेक पुरावा अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियांमधला आहे. म्हणून धडधाकट माणसाला प्रत्येक वेळी ती द्यावीत असं हा आढावा सुचवत नाही. लिहून दिली असतील तर पूर्ण घ्यायची, लिहून दिली नसतील तर दुकानातून आणायची नाहीत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची ओळ स्वतंत्र आणि ठळक हवी. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणारा माणूस दाढेतून रक्त आलं की घाबरून त्या आपल्या मनाने बंद करतो. दाढेचं रक्त दाबून किंवा टाका घालून थांबवता येतं. गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते जिवावर बेतू शकतं. मधुमेहींनी गोळी किंवा इन्सुलिन सुरू ठेवून जेवणही चुकवू नये. कोमट खिचडी, पेज, वरण-भात, दही, उकडलेला बटाटा हे दुसऱ्या बाजूने चावून खाता येतं. चिवडा, शेंगदाणे, तीळ आणि कडक भाकरी यांचे कण खळग्यात बसतात, ते आठवडाभर नकोत.

काय राहून जातं

वरच्या मागच्या दाढांची मुळं वरच्या जबड्याच्या हाडातल्या सायनस नावाच्या पोकळीला अगदी लागून असतात. अशी दाढ काढल्यावर कधी कधी तोंड आणि सायनस यांच्यात छिद्र पडतं. पाणी पिताना ते नाकातून आलं किंवा खळग्यातून हवा फुसफुसल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. तोवर नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. खालची आणि वरची दाढ यांना एकच कागद दिला की ही सूचना गळते.

धोक्याच्या खुणा मोजक्याच आहेत, आणि त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत न देता वर चौकटीत द्यायला हव्यात: दोनदा अर्धा अर्धा तास दाबूनही न थांबणारं रक्त, तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज, ताप, पू आणि दुसऱ्या दिवशीही न गेलेला ओठाचा बधिरपणा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, जिभेखाली सूज येऊन जीभ वर उचलली गेली असेल, तर दंतवैद्याची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावं. जबड्याखालचा संसर्ग घशाकडे उतरला की हाताशी फार वेळ उरत नाही.

कागदाची मांडणी विषयवार करण्यापेक्षा वेळेनुसार केली तर तो वापरला जातो. पहिला अर्धा तास, पहिला दिवस, दुसरा ते चौथा दिवस, पाचवा ते सातवा दिवस, असे चार कप्पे आणि प्रत्येकात तीन-चार ओळी. टाके रेशमी असतील तर ते काढायला येण्याची तारीख हाताने लिहायची. विरघळणारे असतील तर तेही लिहायचं, नाहीतर दहाव्या दिवशी सुटलेला दोरा पाहून माणूस घाबरतो. कागद देताना परिचारिकेने एकच प्रश्न विचारावा: ‘मावशी, मशेरी परत कधी लावणार?’ उत्तरात दिवस आला तर कागद समजला, नाही आला तर ती ओळ पुन्हा वाचून दाखवावी. सोबत आलेल्या मुलाने किंवा सुनेनेही ती ऐकावी, कारण रात्री रक्त आलं तर घडी करून तोंडात ठेवायला तेच असतात. आणि फोन नंबरच्या शेजारी तो किती वाजेपर्यंत उचलला जातो आणि त्यानंतर कुठे जायचं, हेही लिहिलेलं असावं.